दोन बँका, एक रेघ

माझी आत्या डोंबिवलीच्या एका शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली. निवृत्तीच्या पैशांतला बराचसा भाग तिने पोस्टात आणि मुदत ठेवीत टाकला. थोडी रक्कम शेअरसाठी वेगळी काढली आणि त्यातून एक खाजगी बँक घ्यायची असं ठरवलं. जानेवारी २०२५मध्ये तिचा फोन आला. "अरे, एचडीएफसी बँक घेऊ की आयसीआयसीआय? दोन्ही चांगल्या म्हणतात सगळे. मग दोघींतली कुठली, हे कोणी सांगत का नाही?"

प्रश्न अगदी नेमका होता. बाजार चढेल की पडेल हे तिने विचारलं नव्हतं. बँकांचा काळ चांगला आहे का, हेही विचारलं नव्हतं. बँक घ्यायची हे ठरलेलंच होतं, दोघींतली कुठली एवढंच उरलं होतं. अशा प्रश्नासाठी शेअरबाजारात एक जुनं, साधं साधन आहे. एका शेअरच्या भावाला दुसऱ्याच्या भावाने भागायचं आणि येणारा आकडा दर महिन्याला कागदावर मांडत जायचं. याला रेशो चार्ट म्हणतात, म्हणजे गुणोत्तराचा आलेख. आत्याला मी संगणकावर दाखवणार होतो, पण तिने कपाटातून आलेखाची वही काढली.

आधी भागाकार नेमकं काय करतो ते पाहू. एचडीएफसी बँक आणि आयसीआयसीआय बँक यांच्यात बरंच काही सामाईक आहे. दोन्ही १९९४ साली स्थापन झाल्या, दोन्हींचा कारभार मुंबईतून चालतो, दोन्ही निफ्टी बँक निर्देशांकातल्या सर्वांत वजनदार बँकांत मोडतात. रिझर्व्ह बँकेने रेपो दर हलवला की दोघींनाही धक्का बसतो. परदेशी गुंतवणूकदार भारतातून पैसे काढू लागले की दोघींचेही शेअर विकतात. म्हणजे कुठल्याही एका शेअरच्या भावात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. सगळ्या बाजाराची हालचाल ही एक, आणि त्या बँकेची स्वतःची कामगिरी ही दुसरी. एका भावाला दुसऱ्याने भागलं की दोघींना सारखीच लागू असलेली हालचाल बरीचशी कटून जाते, अंशातला आणि छेदातला समान गुणक कटतो तशी. उरतो तो दोघींमधला फरक. आत्याला हे एका वाक्यात कळलं, कारण समान गुणक काढणं तिने हजारो मुलांना शिकवलं होतं.

म्हणूनच जोडी सारख्या जातीची हवी. एचडीएफसी बँकेला एखाद्या छोट्या लघुवित्त बँकेने किंवा पोलाद कंपनीने भागलं तरी आकडा येईलच. पण त्यात व्याजदर, पोलादाचे भाव, कंपनीचा आकार असं सगळं कालवलेलं असेल आणि रेघ का हलली हे सांगता येणार नाही. सरकारी बँक घ्यायची असेल तर स्टेट बँकेला बँक ऑफ बडोदाशी लावून पाहावं. खाजगी मोठ्या बँकांत आपली ही जोडी सर्वांत स्वच्छ, असं माझं मत आहे.

आम्ही वर एचडीएफसी बँक आणि खाली आयसीआयसीआय बँक ठेवली. रेघ वर जात असेल तर वरची बँक बलवान, खाली जात असेल तर खालची. उलट मांडलं तरी चालतं, चित्र फक्त पालथं होतं. पण एकदा ठरवलं की बदलायचं नाही, नाहीतर दोन महिन्यांनी आपलाच गोंधळ होतो. आत्याने पानाच्या डोक्यावर लाल पेनने लिहिलं, 'वर एचडीएफसी, खाली आयसीआयसीआय'.

रोजचे भाव घ्यायचे नाहीत असंही ठरलं. महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशीचा बंद भाव पुरतो. तो वर्तमानपत्रात, राष्ट्रीय शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइलवर सहज मिळतो. ज्यांना वही नको त्यांनी चार्ट दाखवणाऱ्या ट्रेडिंगव्ह्यूसारख्या संकेतस्थळावर चिन्हाच्या जागी हे टाइप करावं:

```
NSE:HDFCBANK/NSE:ICICIBANK
```

मधली तिरकी रेघ म्हणजे भागाकार. समोर येईल तो गुणोत्तराचाच आलेख. कालावधी महिन्याचा निवडायचा आणि चार्टवर १० महिन्यांची साधी सरासरी चढवायची. एवढीच तयारी.

आता वहीतलं पान. यातले आकडे मी गोळाबेरीज करून देतो आणि ते त्या त्या वेळच्या भावांवरून काढलेले आहेत. एक बदल केला आहे. सप्टेंबर २०१९मध्ये एचडीएफसी बँकेने दोन रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे एक रुपयाचे दोन शेअर केले, म्हणून त्याआधीचे तिचे भाव निम्मे धरले आहेत.

२०१८च्या जूनअखेर गुणोत्तर ३.८ होतं. म्हणजे एचडीएफसी बँकेच्या एका शेअरच्या पैशांत आयसीआयसीआयचे जवळजवळ चार शेअर आले असते. हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही, हे आत्याला मी दोनदा सांगितलं. एक बँक दुसरीपेक्षा चौपट चांगली किंवा चौपट महाग आहे, असा त्याचा अर्थ नाही. कुठल्या बँकेने किती शेअर काढले आहेत त्यावर भावाची पातळी ठरते. अर्थ आहे तो रेघेच्या दिशेला. अडीच वर्षांपूर्वी, २०१५च्या अखेरीस, हेच गुणोत्तर २.३च्या आसपास होतं. तिथून ते ३.८वर चढलं, कारण आयसीआयसीआय बँकेच्या पोटात मोठ्या उद्योगांची बुडीत कर्जं होती. मार्च २०१८मध्ये बँकेच्या दर शंभर रुपयांच्या कर्जापैकी जवळपास नऊ रुपये थकीत होते. त्यात बँकेच्या प्रमुखांभोवती चौकशीचं वादळ उठलं आणि एप्रिल ते जून २०१८ या तिमाहीत बँकेने तोटा दाखवला.

आत्याने पेन्सिल थांबवून विचारलं, "मग तोट्याच्या त्याच तिमाहीत रेघ शिखरावर आहे?"

हो. या पानावरची सर्वांत महत्त्वाची जागा तीच आहे. तोट्याची तिमाही संपली तेव्हा गुणोत्तर शिखरावर होतं आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत ते ३.८वरून २.९५वर आलं. ऑक्टोबर २०१८मध्ये संदीप बक्षी यांनी आयसीआयसीआय बँकेची सूत्रं घेतली. तेव्हा वर्तमानपत्रांतल्या बातम्या अजून वाईटच होत्या, पण दोन्ही बँकांचे शेअर विकत घेणाऱ्यांचं मत बदलायला लागलं होतं. २०१९च्या अखेरीस गुणोत्तर २.३६पर्यंत उतरलं.

मग आला कोविड. मार्च २०२०मध्ये दोन्ही शेअर आपटले. डिसेंबरअखेर ते मार्चअखेर या तीन महिन्यांत एचडीएफसी बँक सुमारे ३२ टक्के पडली आणि आयसीआयसीआय सुमारे ४० टक्के. गुणोत्तर मात्र वर गेलं, २.३६वरून २.६६वर. इथे नवख्या माणसाची फसगत होते. रेघ वर गेली म्हणजे एचडीएफसी बँक बलवान ठरली, हे खरं. पण तिने पैसे कमावून दिले नाहीत, फक्त कमी गमावले. गुणोत्तर दोघींतली बरी कोण ते सांगतं, दोघींपैकी एक तरी घ्यावी का ते सांगत नाही. तो निर्णय आधी, दुसऱ्या मार्गाने व्हायला हवा. आत्याचा तो झालेला होता, म्हणून तिला हे साधन लागू पडलं.

घाबरलेल्या बाजाराने २०२०च्या मध्यात एचडीएफसी बँकेला सुरक्षित मानलं आणि गुणोत्तर ३.०च्या वर पोचलं. जून ते नोव्हेंबर ते ३.०च्या आसपासच फिरत होतं. ऑक्टोबर २०२०मध्ये आदित्य पुरी निवृत्त झाले. बँकेच्या स्थापनेपासून तेच प्रमुख होते. डिसेंबरच्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेवर निर्बंध आणले. तिच्या डिजिटल सेवा वारंवार बंद पडत असल्याने नवी डिजिटल उत्पादनं आणि नवी क्रेडिट कार्डं देण्यावर बंदी आली. डिसेंबरअखेर गुणोत्तर एका महिन्यात ३.०५वरून २.६८वर घसरलं.

इथे सरासरीचं काम सुरू होतं. मार्चपासून डिसेंबरपर्यंतच्या दहा महिनाअखेरींची गुणोत्तरं आत्याने एकाखाली एक लिहिली: २.६६, २.६४, २.८७, ३.०३, २.९८, २.८३, ३.०५, ३.०२, ३.०५, २.६८. बेरीज २८.८१. दहाने भागल्यावर सरासरी २.८८. डिसेंबरचं गुणोत्तर २.६८, म्हणजे सरासरीच्या बरंच खाली. पुढच्या महिन्यात सर्वांत जुना आकडा काढायचा, नवा घालायचा आणि पुन्हा दहाने भागायचं. असे बिंदू जोडले की गुणोत्तराच्या खडबडीत रेघेशेजारी एक गुळगुळीत रेघ तयार होते. गुणोत्तर या गुळगुळीत रेघेच्या कुठल्या बाजूला आहे आणि ती रेघ स्वतः कुठल्या दिशेला कललेली आहे, या दोनच गोष्टी आम्ही पाहायच्या ठरवल्या.

डिसेंबर २०२०मध्ये पहिली अट पूर्ण झाली, गुणोत्तर सरासरीखाली गेलं. दुसरी अट पूर्ण व्हायला थोडा वेळ लागला. जानेवारी आणि फेब्रुवारीत सरासरीची रेघ जवळपास सपाट होती. मार्च २०२१मध्ये ती डोळ्यांना दिसेल अशी खाली झुकली आणि गुणोत्तर तोवर २.५७वर आलं होतं. त्या दिवशी आयसीआयसीआयचा भाव सुमारे ५८२ रुपये होता आणि एचडीएफसी बँकेचा सुमारे १,४९४.

तिथून पुढची पावणेचार वर्षं गुणोत्तर उतरत गेलं. २०२१अखेर २.०, आणि २०२४अखेर १.३८. मार्च २०२१मध्ये दोन्हींत एकेक लाख घातले असते तर डिसेंबर २०२४मध्ये एचडीएफसी बँकेच्या लाखाचे सुमारे १ लाख १९ हजार झाले असते आणि आयसीआयसीआयच्या लाखाचे सुमारे २ लाख २० हजार. लाभांश यात धरलेला नाही. पण वर्षाला एखाद्या टक्क्याच्या आसपासच्या लाभांशात एवढी दरी बुजत नाही.

एचडीएफसी बँकेचा शेअर या काळात एकूण पाहता पडला नव्हता हे ध्यानात घ्यायला हवं. मधे वर-खाली होत शेवटी तो थोडा वरच गेला होता. नुसता त्याचा भाव पाहणाऱ्याला तक्रारीचं मोठं कारण दिसलं नसतं. शेजारी आयसीआयसीआय ठेवल्याशिवाय तो मागे पडतोय हे कळायला मार्ग नव्हता, आणि गुणोत्तराचा खरा उपयोग इथे आहे.

कारणं काय होती? एकीकडे आयसीआयसीआय बँकेने घर साफ केलं. मार्च २०२४पर्यंत तिचं थकीत कर्ज शंभरात सव्वादोन रुपयांच्याही खाली आलं. दुसरीकडे एचडीएफसी बँकेने ४ एप्रिल २०२२ रोजी आपल्या पालक गृहकर्ज कंपनीला सामावून घेण्याची घोषणा केली आणि १ जुलै २०२३ला ते विलीनीकरण झालं. गृहकर्ज कंपनीबरोबर कर्जं खूप आली, पण ठेवी फार थोड्या आल्या. बँकेकडे शंभर रुपयांच्या ठेवींमागे सुमारे एकशेदहा रुपयांची कर्जं झाली. बँकेचा धंदा स्वस्त ठेवींवर चालतो. ठेवींऐवजी बाजारातून घेतलेल्या महाग पैशांवर कर्जं उभी असली की व्याजातला नफा आकसतो. विलीनीकरणाआधी मालमत्तेवर चार टक्क्यांच्या वर असलेलं व्याजाचं मार्जिन साडेतीनच्याही खाली आलं. जानेवारी २०२४मध्ये तिमाहीचे निकाल आले तेव्हा एका दिवसात शेअर आठ टक्क्यांहून अधिक पडला.

विलीनीकरणाची घोषणा झाली त्या दिवसाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण रोजचे भाव का घेऊ नयेत हे त्यातून कळतं. ४ एप्रिल २०२२ला एचडीएफसी बँकेचा शेअर एका दिवसात सुमारे दहा टक्के चढून १,६५६वर गेला. दैनंदिन आलेखावर गुणोत्तर एकदम उसळलं आणि एचडीएफसी बँकेची सद्दी परतली असं त्या दिवशी कोणालाही वाटलं असतं. दोन आठवड्यांत ती सगळी वाढ निघून गेली. मार्चअखेर गुणोत्तर २.०१ होतं, एप्रिलअखेर १.८६. आत्याच्या महिनाअखेरीच्या पानावर ती उसळी दिसतसुद्धा नाही, रेघ सरळ खाली जाते.

एवढं सांगितल्यावर आत्या खूश झाली, पण मी तिला लगेच २०२२-२३चं पान काढायला लावलं. या साधनाची खरी दुखरी जागा तिथे आहे आणि ती दाखवल्याशिवाय कोणाच्या हाती हे देणं मला योग्य वाटत नाही.

सप्टेंबर २०२२मध्ये गुणोत्तर १.६५ होतं. तिथून ते वर फिरलं आणि डिसेंबरअखेर १.८३ झालं. सरासरी होती १.७९. म्हणजे गुणोत्तर सरासरीच्या वर गेलं. फक्त पहिलीच अट मानणाऱ्याने आयसीआयसीआय विकून एचडीएफसी बँक घेतली असती. मे २०२३मध्ये गुणोत्तर १.७०वर, पुन्हा सरासरीखाली. त्याने परत अदलाबदल केली असती. १.८३ला जाऊन १.७०ला परतणं म्हणजे आयसीआयसीआय धरून बसलेल्याच्या तुलनेत सुमारे सात टक्के मागे पडणं. जूनमध्ये गुणोत्तर परत १.८२, जुलैत १.६५. बाजारात याला व्हिपसॉ म्हणतात. सरासरीच्या या बाजूकडून त्या बाजूला फटके खात राहायचं.

आत्याने लगेच तोडगा काढला. "मग सलग दोन महिने सरासरीच्या वर राहिलं तरच बदलायचं." ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून आम्ही ते आकड्यांवर घासून पाहिलं. डिसेंबर आणि जानेवारी, सलग दोन महिने गुणोत्तर सरासरीच्या वरच होतं. जानेवारीत तर ते १.९३ होतं. दोन महिने थांबणाऱ्याने १.८३ऐवजी १.९३ला एचडीएफसी बँक घेतली असती आणि त्याचं नुकसान आणखी वाढलं असतं. थांबण्याने चूक टळली नाही, महाग झाली.

दुसऱ्या अटीने मात्र वाचवलं. डिसेंबर २०२२ ते मे २०२३ या सहा महिन्यांत सरासरीची रेघ १.७९ आणि १.७७ यांच्या मध्येच होती. ती वर कललीच नाही. गुणोत्तर उड्या मारत होतं, पण गुळगुळीत रेघ आडवी पडून होती. रेघ आडवी असते तेव्हा दोन्ही बँका सारख्याच जोमाने चालल्या आहेत आणि निवडण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी हातात जे आहे ते ठेवावं. २०२० ते २०२४चा एकच तुकडा पाहून मी हा नियम सिद्ध झाला असं म्हणणार नाही. एका जोडीच्या एका कालखंडात तो चालला एवढंच खरं आहे. पण सपाट सरासरीवर अदलाबदल करू नये, हे मला दुसऱ्या जोड्यांवरही पटलेलं आहे.

अदलाबदल महाग का पडते, तेही आकड्यात सांगायला हवं. जुलै २०२४पासून एका वर्षाच्या आत शेअर विकला तर नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षानंतर विकला तर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के. शिवाय खरेदीवर आणि विक्रीवर प्रत्येकी ०.१ टक्का व्यवहार कर आणि दलाली. म्हणून आत्याला मी विकण्याचा सल्ला दिलाच नाही. ती दर तीन महिन्यांनी थोडी रक्कम घालते. ती नवी रक्कम त्या वेळी बलवान असलेल्या बँकेत घालायची, जुने शेअर तसेच ठेवायचे. गुणोत्तर चुकलं तरी एका हप्त्यापुरतंच चुकतं आणि नफ्यावर कर लागत नाही.

व्यावसायिक मंडळी याच्या पुढे जातात. बलवान शेअर घ्यायचा आणि दुबळा त्याच वेळी आधी विकून ठेवायचा, म्हणजे बाजार कुठेही गेला तरी दोघांमधल्या फरकावर पैसे मिळतात. पेअर ट्रेडिंग ते हेच. आपल्याकडे हातात नसलेला शेअर सामान्य माणसाला रोखीच्या बाजारात फक्त त्या दिवसापुरता विकता येतो. जास्त दिवसांसाठी वायदेबाजारात जावं लागतं, तिथे एकेका लॉटची किंमत काही लाखांत असते आणि तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. निवृत्त शिक्षिकेच्या पैशांना तिथे नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक वाट आहे, आणि तिच्यावर सर्वांत जास्त लोक घसरतात. गुणोत्तर खूप खाली गेलं की ते परत वर येईलच, म्हणून दुबळा शेअर स्वस्त समजून घ्यायचा. कधीकधी ते जमतंही. पण ज्यांनी २०२१च्या अखेरीस गुणोत्तर २.०वर पाहून 'एवढं खाली कधी नव्हतं' म्हणत एचडीएफसी बँक घेतली, त्यांना तीन वर्षांनी १.३८ पाहावं लागलं. येस बँकेत तर त्याहून वाईट झालं. ऑगस्ट २०१८मध्ये तिचा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता आणि आयसीआयसीआयचा त्याहून खाली. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने प्रमुखांची मुदत कमी केली आणि शेअर एका दिवसात सुमारे ३० टक्के पडला. स्वस्त म्हणून घेणारे तेव्हाही होते, त्यानंतर प्रत्येक पायरीवरही होते. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले, खातेदारांना पन्नास हजारांवर पैसे काढता येईनात, आणि दुसऱ्या दिवशी शेअर सहा रुपयांच्याही खाली जाऊन आला. ते गुणोत्तर परत आलं नाही. दोन बँकांतलं जुनं नातं टिकेल, असा कायदा नाही. ताळेबंद फाटला की नातंही संपतं, आणि ते आलेखावरून कळत नाही. त्यासाठी थकीत कर्जं, ठेवींची वाढ आणि रिझर्व्ह बँकेचे आदेश वाचावे लागतात. सोप्या भाषेत, रेघ जिकडे चालली आहे तिकडे जाणं मला मान्य आहे. ती वळेल म्हणून आधीच उलट उभं राहणं मान्य नाही.

आत्या वही नेमाने भरू लागली. २०२५च्या पहिल्या सहामाहीत गुणोत्तर जवळपास हललंच नाही. डिसेंबरअखेर १.३८, मार्चअखेर १.३६, जूनअखेर पुन्हा १.३८. तिने त्या काळात दोन्हींत निम्मी निम्मी रक्कम घातली. रेघ आडवी असताना तेच योग्य होतं.

मग गणपतीत तिचा फोन आला. आवाजात काळजी. "अरे, जुलैत १.३६ होतं. आत्ता ऑगस्टअखेरचं काढलं तर ०.६८! एचडीएफसीमध्ये काही झालंय का?"

झालं होतं, पण वाईट काही नव्हतं. एचडीएफसी बँकेने एका शेअरवर एक बोनस शेअर दिला होता. त्याची नोंद तारीख २७ ऑगस्ट, पण त्या दिवशी गणेश चतुर्थीची बाजाराला सुट्टी असल्याने शेअर आदल्या दिवशीच, हरतालिकेला, बोनसविना भावात आला. सुमारे १,९६४ रुपयांचा शेअर ९७३च्या आसपास दिसू लागला. शेअरची संख्या दुप्पट झाली, भाव निम्मा झाला आणि कोणाचंही काही गेलं नाही. १.३६चे निम्मे बरोबर ०.६८. म्हणजे त्या महिन्यात दोघींमधला फरक तसूभरही बदलला नव्हता.

संगणकावरचे चांगले आलेख असे बदल मागच्या सगळ्या भावांत आपोआप सामावून घेतात. म्हणून आज कोणी हाच आलेख उघडला तर माझे सगळे आकडे त्याला निम्मे दिसतील, ३.८च्या जागी १.९ आणि १.३८च्या जागी ०.६९. वहीत मात्र ते आपल्यालाच करावं लागतं. आत्याने दुसऱ्या दिवशी बसून जुन्या सगळ्या आकड्यांना दोनने भागलं आणि शेजारी नव्या शाईने लिहिलं.

तुम्ही वही करणार असाल किंवा पडद्यावर पाहणार असाल, गुणोत्तर एका दिवसात निम्मं किंवा दुप्पट झालेलं दिसलं की आधी त्या बँकेने बोनस दिला आहे का, शेअरचं विभाजन केलं आहे का ते शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर पाहा. शेअर विकायचा विचार त्यानंतर करा.